उताऱ्यातली ओळ उचलायची की स्वतःच्या शब्दांत लिहायचं? गुण कुठे कशाला मिळतात

उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं तपासताना दोन प्रकारची मुलं सारखी भेटतात. एकाने प्रत्येक प्रश्नाखाली उताऱ्यातली एकेक ओळ उतरवलेली असते. 'तुमच्या शब्दांत सांगा' असं स्पष्ट विचारलेलं असलं तरीही ओळच, आणि तिथे त्याचे गुण जातात. दुसऱ्याला कुणीतरी 'उताऱ्यातलं जसंच्या तसं लिहायचं नाही' असं बजावून ठेवलेलं असतं. तो 'उताऱ्यातून शब्दसमूह शोधून लिहा' या प्रश्नालाही स्वतःचे शब्द घालतो आणि हातात आलेला गुण सोडून देतो. उतारा दोघांनाही कळलेला असतो. फक्त हा प्रश्न आपल्याकडून काय मागतोय, हे लिहायला बसण्याआधी दोघांनीही पाहिलेलं नसतं.

प्रश्न ढोबळमानाने तीन गोष्टी तपासतात. माहिती कुठे आहे ते सापडलं का, तिचा अर्थ कळला का, आणि त्यावर तुमचं स्वतःचं काही म्हणणं आहे का. पहिल्या प्रकारात उताऱ्यातले शब्द चालतात, कधी कधी तेच लागतात. दुसऱ्या प्रकारात ओळ उतरवली की परीक्षकाला एवढंच कळतं की तुम्हाला जागा सापडली. अर्थ कळला की नाही, हे त्या ओळीवरून त्याला ठरवता येत नाही, आणि जे ठरवता येत नाही त्याला तो गुण देऊ शकत नाही. तिसऱ्या प्रकारात तर उताऱ्याची ओळ म्हणजे लेखकाचं मत, तुमचं नव्हेच.

हे नुसतं सांगून भागत नाही, म्हणून एक छोटा उतारा घेऊ आणि त्यावरचे प्रश्न एकेक करून सोडवू.

उतारा

थंडी जवळ आली की दिवस लहान होतात आणि अनेक झाडं पानगळीच्या तयारीला लागतात. पान गळणं म्हणजे झाड थकणं, असा आपला समज असतो; प्रत्यक्षात ती झाडाची काटकसर असते. पान सोडण्यापूर्वी झाड त्यातलं नत्र आणि इतर उपयोगी द्रव्यं खोडात आणि फांद्यांमध्ये ओढून घेतं. याच काळात पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याच्याआड दडलेला पिवळा रंग उघड होतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. त्या थरापाशी देठ सुटतो आणि उघड्या पडलेल्या जागेवर संरक्षक आवरण धरतं. पानं तशीच ठेवली असती, तर हिवाळ्यातही त्यांतून पाण्याची वाफ होत राहिली असती आणि गोठलेल्या जमिनीतून ते पाणी भरून काढणं मुळांना जमलं नसतं. झाड घर उघडं टाकून जात नाही. सामान आवरून, दाराला कडी लावून जातं.

प्रश्न

१. पान झाडापासून नेमकं कुठे सुटतं? (१ गुण)
२. पानगळीविषयीचा गैरसमज दूर करणारा शब्दसमूह उताऱ्यातून शोधून लिहा. (१ गुण)
३. गळण्याआधी पान पिवळं का दिसतं, ते तुमच्या शब्दांत सांगा. (२ गुण)
४. भर उन्हाळ्यात एक फांदी मोडली आणि झाडावरच लोंबकळत राहिली. तिची पानं वाळली, पण महिनोन्‌महिने गळली नाहीत. असं का झालं असावं, ते उताऱ्याच्या आधारे सांगा. (३ गुण)
५. 'सामान आवरून, दाराला कडी लावून जातं' याचा अर्थ स्पष्ट करा. (२ गुण)
६. 'योग्य वेळी सोडून देणं हाही शहाणपणा आहे' याविषयी तुमचं मत लिहा. (३ गुण)

आधी प्रश्नाखाली रेघ मारा, उताऱ्याखाली नंतर

बहुतेकजण पेन्सिल घेऊन उताऱ्यावर रेघा मारायला लागतात. त्याआधी प्रश्नातला एक शब्द अधोरेखित करा: प्रश्न तुम्हाला काय करायला सांगतोय तो शब्द. 'शोधून लिहा', 'उताऱ्यातून निवडा', 'ओळ लिहा', 'आकृती पूर्ण करा' असं असेल, तर उताऱ्यातलेच शब्द हवे आहेत. 'स्पष्ट करा', 'तुमच्या शब्दांत', 'का ते सांगा', 'सारांश लिहा' असं असेल, तर वाक्य तुमचं हवं. 'उताऱ्याच्या आधारे' म्हणजे टेकू उताऱ्याचा, पण उत्तर तुम्ही बांधायचं. 'तुमचं मत' म्हटलं की उतारा फक्त निमित्त.

अडचण होते ती सूचना नसलेल्या प्रश्नांत, कारण पुष्कळ प्रश्न नुसतेच 'का?' किंवा 'कसं?' विचारून थांबतात. तिथे गुण पाहा. एका गुणाचा प्रश्न बहुधा माहिती शोधायला लावतो, आणि उताऱ्यातले शब्द नेमके कापून घेतले तरी चालतात. दोन किंवा जास्त गुणांचा 'का' असेल, तर स्वतःच्या वाक्यांत लिहिलेलं बरं. बरोबर मुद्दे स्वतःच्या वाक्यात आले म्हणून अशा प्रश्नाला कुणी गुण कापत नाही. मात्र 'उताऱ्यातून' असं छापलेलं असेल, तर हा नियम लागू नाही. तिथे स्वतःचे शब्द म्हणजे शून्य.

पहिला प्रश्न: ओळ चालते, पण तशीच्या तशी नाही

पान कुठे सुटतं? उताऱ्यात वाक्य सरळ आहे: 'त्या थरापाशी देठ सुटतो…' पुष्कळ मुलं एवढंच उतरवतात. पण 'त्या' म्हणजे कोणत्या? उताऱ्यात आधीचं वाक्य होतं म्हणून तो शब्द कळत होता. उत्तरपत्रिकेत ते वाक्य नाही. परीक्षकाला उत्तर माहीत असतं हे खरं, पण विद्यार्थ्याला ते माहीत आहे का, हे त्या अर्धवट ओळीतून दिसत नाही. काहीजण मग दोन्ही वाक्यं संपूर्ण उतरवतात, संरक्षक आवरणासकट. कडक परीक्षक म्हणेल, याला नेमकी जागा कळली की नाही कोण जाणे, याने सगळं समोर टाकून निवडायचं काम माझ्यावर सोडलं.

बरोबर उत्तर असं: *देठाच्या बुडाशी तयार झालेल्या पेशींच्या नाजूक थरापाशी पान सुटतं.* यातले जवळजवळ सगळे शब्द उताऱ्यातले आहेत आणि त्यात काही गैर नाही. फरक दोनच. 'त्या'च्या जागी ज्याच्याबद्दल बोलतोय ते आलं, आणि न विचारलेला भाग गेला. उताऱ्यातून घेतलेल्या उत्तरात 'तो, ती, ते, त्या, याच, तेथे, यामुळे' यांपैकी काही आलं, की थांबून विचारायचं: हे कशाबद्दल आहे, ते माझ्या उत्तरात आलंय का?

दुसरा प्रश्न: इथे स्वतःचे शब्द नकोत

गैरसमज काय, तर झाड थकतं. तो दूर करणारा शब्दसमूह: *झाडाची काटकसर*. एवढंच लिहायचं. 'झाडाची बचत' किंवा 'झाड काळजी घेतं' असं लिहिलं, तर अर्थ बरोबर असूनही गुण नाही, कारण प्रश्नाने उताऱ्यातला तुकडा मागितला होता. उलट बाजूने, पूर्ण वाक्य उतरवलं तर त्यात गैरसमजही आला आणि त्याचं उत्तरही. मग त्यातला शब्दसमूह कोणता? 'वाक्य लिहा' म्हटलं असतं तर पूर्ण वाक्य बरोबर ठरलं असतं. म्हणून शब्द, शब्दसमूह, वाक्य, ओळ, यांतलं काय मागितलंय ते वाचायला हवं. कवितेवर प्रश्न असेल तर 'ओळ' म्हणजे छापलेली एक ओळ, कडवं नव्हे.

अशा प्रश्नात अक्षरही बदलायचं नसतं. 'काटकसर' हा शब्द समोर छापलेला असताना तो चुकीचा लिहिणं परीक्षकाला फार खुपतं, आणि त्याचा राग रास्त असतो. उतरवल्यावर अक्षरावर बोट ठेवून एकदा ताडून पाहायचं.

आणखी एक चलाखी काहीजण करतात: दोन शब्दसमूह लिहून ठेवतात, म्हणजे एक तरी लागेल. एक मागितलेला असताना दोन दिले, तर बहुतेक परीक्षक पहिलाच धरतात. काही ठिकाणी तर एक चुकीचा निघाला की गुण नाहीच. ठाम एक निवडा.

तिसरा प्रश्न: खरी परीक्षा इथे आहे

'तुमच्या शब्दांत' या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त गुण गळतात. म्हणून इथे चार उत्तरं पाहू. चारही उत्तरं मी रचलेली आहेत, पण अशी उत्तरं प्रत्येक गठ्ठ्यात सापडतात.

पहिलं: *याच काळात पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याच्याआड दडलेला पिवळा रंग उघड होतो.* ही उताऱ्यातलीच ओळ. माहिती बरोबर, जागा बरोबर. तरी 'तुमच्या शब्दांत' म्हटलेलं असताना काटेकोर तपासणीत शून्य. कुणी मवाळ असेल तर एक देईल, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

दुसरं: *या काळामध्ये पानातील हरितद्रव्य तुटते व त्याच्यामागे लपलेला पिवळा रंग दिसू लागतो.* या मुलाने मेहनत घेतली. मोडतंचं तुटते केलं, आडचं मागे, दडलेलाचं लपलेला. पण वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, सुरुवात तीच. शब्दाला शब्द बदलत जाताना आपण अर्थाकडे पाहतच नाही. ज्याला उतारा अजिबात कळला नाही, तोही समानार्थी शब्द आठवून हे वाक्य तयार करू शकतो, आणि हे परीक्षकाला चांगलं ठाऊक असतं. इथे एक गुण मिळेल, दोन क्वचितच.

तिसरं: *थंडी पडली की पानाचा हिरवा रंग बदलून पिवळा होतो.* हे पूर्णपणे स्वतःच्या शब्दांत आहे, आणि तरी चूक आहे. उतारा असं म्हणत नाही की हिरव्याचं पिवळं होतं. उतारा म्हणतो, पिवळा आधीपासून तिथेच होता. या उत्तरात 'दडलेला' या शब्दाचा अर्थच निसटला. स्वतःच्या शब्दांत लिहिताना हा धोका कायम असतो: ओळ सोडली की तिच्यातला बारकावाही हातातून सुटतो. 'जसंच्या तसं लिहायचं नाही' एवढंच शिकलेल्या मुलांचे गुण नेमके असे जातात, आणि त्यांना वाटतं शिक्षकांनी अन्याय केला.

चौथं: *पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, पण हिरव्यापुढे तो आपल्याला दिसत नाही. थंडीच्या सुमारास हरितद्रव्य नाहीसं होत गेलं, की तोच रंग दिसायला लागतो.* दोन गुण.

चौथ्या उत्तरापर्यंत कसं पोचायचं? त्याला भाषेची विशेष देणगी लागत नाही, क्रम लागतो.

आधी गुण मोजून मुद्दे मोजा. दोन गुण म्हणजे बहुधा दोन मुद्दे. ते उताऱ्याच्या समासात तुटक शब्दांत टिपा: 'हिरवा जातो' आणि 'पिवळा आधीच होता'. पूर्ण वाक्य टिपायचं नाही. टिपण जितकं तुटक, तितकं उताऱ्याचं वाक्य मागे पडतं.

मग उताऱ्यावर हात ठेवा, म्हणजे खरोखरच झाका, आणि लिहायला सुरुवात करा ती प्रश्नाकडून. प्रश्न पिवळ्याबद्दल आहे, तर पहिला शब्द 'पिवळा' येऊ द्या. उताऱ्यात वाक्य हरितद्रव्यापासून सुरू होतं, तुमचं पिवळ्यापासून. एवढ्या एका बदलाने सगळा सांगाडा आपोआप मोडतो. समानार्थी शब्द हुडकायची गरजच उरत नाही, कारण नव्या सुरुवातीला जुनं क्रियापद बसतच नाही. उताऱ्यातलं एक लांब वाक्य दोन छोट्या वाक्यांत फोडलं किंवा दोन छोटी वाक्यं एकत्र बांधली, तरी हेच घडतं.

शेवटी हात काढा आणि ताडून पाहा. यावेळी शब्द ताडायचे नाहीत, मुद्दे ताडायचे. दोन्ही आले का? आपण असं काही लिहिलं का जे उतारा म्हणतच नाही? तिसऱ्या उत्तराची चूक इथे पकडता आली असती.

कोणते शब्द बदलायचे आणि कोणते ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. 'हरितद्रव्य' तसाच ठेवा. तो वस्तूचा ठरलेला शब्द आहे. त्याच्या जागी 'पानातला हिरवा पदार्थ' असं लिहिणं म्हणजे उत्तर लांबवणं आणि थोडं सैलही करणं. पान, देठ, नत्र, माणसांची आणि गावांची नावं, आकडे, शास्त्रातल्या संज्ञा, हे सगळं ठेवायचं. बदलायचे ते शब्द ज्यांत स्पष्टीकरण भरलेलं आहे: 'मोडतं', 'आड दडलेला', 'उघड होतो'. प्रश्न पिवळं *का* दिसतं असा आहे आणि त्या 'का'चं उत्तर याच तीन शब्दांत दडलंय. ते तुम्हाला कळले हे दाखवायचं असेल, तर ते तुमच्या भाषेत सांगावेच लागतील. एखादा जड संस्कृत शब्द आणून हे साधत नाही. 'दडलेला'चं 'प्रच्छन्न' केलं तर उलट शंका येते.

चौथा प्रश्न: उताऱ्यात नसलेलं उत्तर

मोडलेल्या फांदीबद्दल उताऱ्यात अक्षरही नाही. असा प्रश्न दिसला की उचलणारी मुलं गोंधळून जातात, आणि शेवटी ज्या वाक्यात 'पान' आणि 'देठ' हे शब्द दिसतील ते वाक्य उतरवून मोकळी होतात: *देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. त्या थरापाशी देठ सुटतो.* वाक्यं योग्य निवडली आहेत. पण वाचणाऱ्याच्या तोंडून एकच शब्द निघतो: मग? मोडलेल्या फांदीचं काय? तीनपैकी एक गुण, आधार सापडल्याचा.

दुसरीकडे, स्वतःच्या शब्दांचा आग्रह धरणारा मुलगा लिहितो: *फांदी मोडल्यामुळे तिला पाणी मिळालं नाही म्हणून पानं वाळली.* खरं आहे. पण प्रश्न पानं वाळली का असा नव्हता, गळली का नाहीत असा होता. शिवाय उताऱ्याचा आधार कुठेच नाही.

इथे दोन्हींची सांगड लागते. मी मुलांना तीन वाक्यांचा हिशेब सांगते: एक उताऱ्याचं, एक जोडणारं, एक निष्कर्षाचं.

*पान गळण्यासाठी आधी देठाच्या बुडाशी पेशींचा थर तयार व्हावा लागतो, असं उताऱ्यात सांगितलं आहे. हा थर झाड स्वतः तयार करतं, म्हणजे ते जिवंत फांदीतच होऊ शकतं. ही फांदी थर तयार होण्याआधीच मोडून वाळली, म्हणून देठ सुटायला जागाच तयार झाली नाही आणि पानं तशीच चिकटून राहिली.*

पहिल्या वाक्यात उताऱ्याचे शब्द बिनधास्त वापरले आहेत. तिथे ते पुरावा म्हणून आले आहेत. हवं तर अवतरणचिन्हांत थोडे शब्द उचलावेत, तेही चालतं, फक्त चार-पाच शब्दांच्या पुढे जाऊ नये. दुसरं वाक्य उताऱ्यात नाही. उताऱ्यात 'जिवंत' हा शब्दच नाही, तो वाचणाऱ्याने काढायचा आहे, आणि तेच तपासायचं होतं. तिसरं वाक्य प्रश्नाकडे परत येतं, फांदीचं नाव घेतं. यातलं मधलं वाक्य सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं. विद्यार्थ्याच्या डोक्यात ते इतकं उघड असतं, की कागदावर लिहायची गरज त्याला वाटत नाही.

एखाद्या हुशार मुलीला शास्त्राच्या पुस्तकातलं आठवतं, की पान गळण्यात ऑक्झिन नावाच्या संप्रेरकाचा हात असतो, आणि ती त्यावर चार ओळी लिहिते. माहिती खरी आहे. पण 'उताऱ्याच्या आधारे' या अटीत ती बसत नाही, म्हणून तिला वेगळे गुण नाहीत. बाहेरचं ज्ञान इथे उताऱ्यातला मुद्दा मांडून झाल्यावर एखाद्या वाक्यापुरतं आलं तर हरकत नाही. त्याच्या जागी आलं, तर गुण गेले.

पाचवा प्रश्न: अलंकाराची उकल

'सामान आवरून, दाराला कडी लावून जातं' याचा अर्थ विचारला की मुलं लिहितात: *झाड घर उघडं टाकत नाही, सामान आवरून कडी लावून जातं.* ही पुन्हा तीच ओळ. किंवा मग: *झाड सगळी व्यवस्था करून जातं.* हे थोडं पुढचं, पण कसली व्यवस्था?

प्रतिमेचा अर्थ सांगताना तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला उताऱ्यातली खरी गोष्ट जोडून दाखवायची असते. सामान म्हणजे काय? पानातलं नत्र आणि उपयोगी द्रव्यं. आवरणं म्हणजे? ती फांद्यांमध्ये परत घेणं. कडी कुठली? देठ सुटलेल्या जागेवर धरणारं संरक्षक आवरण. आता उत्तर लिहायचं:

*पान सोडण्याआधी झाड त्यातलं नत्रासारखं कामाचं सगळं आत काढून घेतं, म्हणजे सामान आवरतं. पान गळाल्यावर उघड्या जागेला संरक्षक आवरण येतं, ती जणू दाराची कडी. पानगळ ही अशी तयारीनिशी केलेली कृती आहे.*

गंमत अशी, की इथे ज्या ओळीचा अर्थ विचारलाय तिच्यातली माणसाच्या घरची क्रियापदं उत्तरात ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येकाच्या शेजारी झाडाची गोष्ट हवी. एकट्या 'कडी'ला काही अर्थ नाही. दोन गुणांसाठी दोन जोड्या पुरतात: सामानाची आणि कडीची. कवितेच्या रसग्रहणातही हीच पद्धत चालते, फक्त तिथे जोडी लावून झाल्यावर ती प्रतिमा तुम्हाला का भावली तेही लिहावं लागतं.

सहावा प्रश्न: उतारा बाजूला ठेवा

स्वमताच्या प्रश्नात उताऱ्याचा सारांश लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. तीन गुणांपैकी शून्य मिळू शकतो आणि वेळही गेलेला असतो. झाड काय करतं हे परीक्षकाला आता सहाव्यांदा वाचायचं नसतं.

उताऱ्यातून एक धागा घ्या, अर्ध्या वाक्यापुरता, आणि लगेच आपल्या मुद्द्यावर या. भूमिका घ्या, कारण द्या, एक उदाहरण द्या. उदाहरणार्थ: *झाडाला जे जमतं ते माणसाला बऱ्याचदा जमत नाही. हातात घेतलेली गोष्ट सोडली की लोक त्याला हार म्हणतात, म्हणून आपण झेपत नसलेलं कामही ओढत राहतो. परीक्षेच्या वर्षी तीन-तीन छंदवर्ग चालू ठेवणाऱ्याचं एकही धड होत नाही. मात्र सोडण्याआधी त्यातून शिकलेलं नीट जपून ठेवायला हवं. रागाच्या भरात सोडणं आणि विचार करून सोडणं यांत मला फरक वाटतो.*

यात 'मला' आलं, सहमतीही आली आणि एक अटही आली. तुम्ही असहमत असाल तरी चालेल. गुण मताच्या बाजूला नसतात, त्याच्या कारणाला असतात. 'हे विधान अगदी योग्य आहे, मी याच्याशी पूर्णपणे सहमत आहे' हे वाक्य मात्र जागा भरण्यापलीकडे काही करत नाही.

सारांश मागितला तर

सारांशलेखनातही उचलेगिरी वेगळ्या रूपात येते. मुलं उताऱ्यातली तीन महत्त्वाची वाटणारी वाक्यं जशीच्या तशी निवडून एकाखाली एक ठेवतात. लांबी एक तृतीयांश झाली म्हणजे सारांश झाला, असं त्यांना वाटतं. अशा सारांशात सांधे दिसतात: पहिलं वाक्य थंडीबद्दल, दुसरं 'मग'ने सुरू होणारं, तिसरं 'त्या'ने. वर दिलेली पद्धतच इथेही वापरायची. प्रत्येक वाक्याचा मुद्दा समासात दोन शब्दांत टिपायचा, उतारा झाकायचा आणि फक्त टिपणावरून लिहायचं. या उताऱ्याचे मुद्दे पाचच आहेत: काटकसर, नत्र परत, रंग उघड, थर आणि आवरण, पाण्याचा तोटा टळतो. शेवटचं अलंकारिक वाक्य सारांशात येत नाही, कारण त्यात नवी माहिती नाही.

वेळ उरला तर हे तपासा

सगळी उत्तरं पुन्हा वाचायला वेळ नसतो. पण स्वतःच्या शब्दांतल्या प्रत्येक उत्तराचे पहिले दोन शब्द पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. उत्तर 'याच काळात', 'मग', 'त्या', 'प्रत्यक्षात' अशा शब्दांनी सुरू होत असेल, तर ते जवळजवळ नक्की उताऱ्यातून उचललेलं आहे, कारण ते शब्द आधीच्या वाक्याला धरून आलेले असतात आणि तुमच्या उत्तरात आधीचं वाक्यच नाही. अशा उत्तरावर एक आडवी रेघ मारा, प्रश्नातला मुख्य शब्द पुढे घ्या आणि खाली दोन वाक्यांत पुन्हा लिहा. खाडाखोडीला कुणी गुण कापत नाही, फक्त कोणतं उत्तर धरायचं ते स्पष्ट दिसलं पाहिजे.